रिमोट चिकट होतो तो मळाने नव्हे

«रिमोट किंवा मोबाइलचं कव्हर चिकट झालंय? घाबरू नका, ते फक्त हाताचं तेल आणि मळ आहे. खायचा सोडा आणि लिंबू लावून चोळा. तरी नाही गेलं तर नेलपॉलिश रिमूव्हर लावा, एका मिनिटात साफ. वरून थोडी टाल्कम पावडर मारा, पुन्हा कधीच चिकटणार नाही. नव्यासारखं होईल. सगळ्यांना पाठवा.»

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर हे महिन्याभरात तीनदा आलं. तिसऱ्यांदा पाठवणारी माझी आत्या होती, आणि नेलपॉलिश रिमूव्हरचा प्रयोग झालेला तिचा रिमोट तेव्हा माझ्याच टेबलावर पडला होता. रत्नागिरीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो, त्यामुळे असे रिमोट पावसाळ्यानंतर हमखास येतात.

मळापासून सुरुवात करू, कारण पुढची सगळी चूक तिथूनच निघते. घरोघरी रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून वर रबरबँड लावायची पद्धत आहे. असे पिशवीत जपलेले, बोटही न लागलेले रिमोट माझ्याकडे चिकट होऊन येतात. कपाटात खोक्यात ठेवलेले, कधी न वापरलेलेसुद्धा येतात. तिथे हाताचं तेल कुठून आलं?

चिकटतो तो रिमोटवरचा मळ नसून रिमोटचाच एक थर असतो. हाताला मऊ लागावं, निसटू नये आणि साच्यातले ओरखडे झाकले जावेत म्हणून कडक प्लास्टिकवर एका मऊ, रबरासारख्या रंगाचा पातळ हात मारलेला असतो. हा रंग बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं त्यात मुरतो आणि त्याच्या लांब साखळ्या मध्येच तोडत जातो. साखळ्या तुटल्या की घट्ट रबराचं मऊ, गुळाच्या पाकासारखं काहीतरी होतं. हाताचं तेल आणि घाम त्यात भर घालतात, तेवढा भाग खरा आहे. पण मूळ काम ओलाव्याचं. माळ्यावर सात-आठ वर्षं ठेवलेले चांगले बूट एक दिवस पायात घातले की तळवा भाकरीच्या चुऱ्यासारखा पडतो, हे पाहिलं असेल. तो तळवा बरेचदा पॉलियुरेथेनचाच असतो आणि बिघाडही हाच. फरक इतकाच की बुटात तो भुगा होतो, रिमोटवर चिकटा होतो. कोकणात, मुंबईत हे लवकर दिसतं, कोरड्या गावी उशिरा.

थर खराब झालाय असं एकदा मान्य केलं की उपायही बदलतो. मळ धुतला की खालचा पृष्ठभाग परत मिळतो. इथे खराब झालेला थरच काढायचा आहे, आणि तो गेल्यावर रिमोटला पूर्वीचा मऊपणा येणार नाही. खालचं कडक, थोडं चकचकीत प्लास्टिक हाताला लागेल. «नव्यासारखं» हा शब्द म्हणूनच फसवा आहे.

सोडा आणि लिंबाबद्दल. दोन्ही एकत्र केले की फसफसतं आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी जोरात चाललंय. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात. वायू उडून जातो आणि मागे पाणी व एक साधा क्षार उरतो, जो चिकट्याचं काही वाकडं करत नाही. नुसता सोडा पाण्यात कालवून घासला तर थोडा चिकटा निघतो, कारण सोड्याचे कण बारीक पॉलिश पेपरासारखं काम करतात. म्हणून हा उपाय करणारे खोटं बोलत नाहीत. पण मग ती पांढरी पूड बटणांच्या कडेला, दोन अर्ध्यांच्या फटीत आणि सेलच्या घरात जाऊन बसते. ओला सोडा सर्किटवर गेला की काही महिन्यांनी हिरवट बुरा घेऊन तोच रिमोट माझ्याकडे येतो.

नेलपॉलिश रिमूव्हर हा मात्र यातला खरा घातक सल्ला. त्यात बहुधा अॅसिटोन असतं. रिमोटचं कवच बहुतेक वेळा एबीएस नावाच्या प्लास्टिकचं असतं आणि अॅसिटोन एबीएसला विरघळवतं. चिकटा एका मिनिटात निघतो हे खरं, कारण त्याच्याबरोबर रिमोटचाही थोडा भाग निघतो. आत्याच्या रिमोटच्या पाठीवर तिच्या बोटाचा ठसा मेणात उमटावा तसा उमटला होता आणि पुसायच्या कापसाचे तंतू प्लास्टिकमध्ये कायमचे रुतले होते. फडक्यावर काळा रंग येत राहतो, माणसाला वाटतं घाण निघतेय, आणि तो आणखी जोर लावतो. अॅसिटोन नसलेला रिमूव्हर मिळतो, पण त्यातलं इथाइल अॅसिटेटही एबीएसला सोडत नाही. थिनरचंही तेच. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक कव्हरवर अॅसिटोन लागलं तर ते दुधाळ होतं आणि तडकतं.

पावडरीवर फार लिहिण्यासारखं नाही. ती चिकट्यावर चिकटते, म्हणून हाताला दोन-चार दिवस कोरडं लागतं. खालचा थर मोडायचा थांबत नाही, आणि पंधरा दिवसांत राखाडी कणकेसारखा लेप हाती येतो. तो काढणं नुसत्या चिकट्यापेक्षा अवघड.

चिकटा निघतो तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने. मोबाइल दुरुस्तीच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात «आयपीए» म्हटलं की मिळतं. ९९ टक्क्यांचं घ्यावं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचंही चालतं, पण त्यात पाणी जास्त असल्याने वेळ लागतो आणि आत ओल राहते. जेलचा सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन स्वतःच चिकट असतं. अल्कोहोल एबीएसला थोड्या वेळात इजा करत नाही, मात्र मोडलेल्या थराला फुगवून त्याची पकड सोडवतं. एवढाच फरक, पण सगळं त्यावरच चालतं.

गेल्या आठवड्यात केलेलं एक काम सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वीच्या होम थिएटरचा रिमोट, पाठ आणि दोन्ही कडा चिकट, पुढचा भाग ठीक. आधी पुढून-मागून फोटो काढून ठेवला. सेल काढले, सेलच्या घरातला एक स्क्रू काढला, कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवून दोन अर्धे वेगळे केले. सर्किट आणि रबरी बटणांची पट्टी बाजूला ठेवली. उघडता येत नसेल तर न उघडताही जमतं, पण मग फडकं फक्त ओलसर ठेवायचं, रिमोटवर काही ओतायचं नाही.

जुन्या सुती बनियनचे तळहाताएवढे तुकडे केले. कापूस आणि टिश्यू दोन्ही टाळावेत, चिकट्यात अडकून तुटतात. एक तुकडा अल्कोहोलमध्ये भिजवून, पिळून, पाठीवर पसरून दोन मिनिटं तसाच राहू दिला. सगळी मेहनत या दोन मिनिटांत वाचते. मग एकाच दिशेने जोर देऊन पुसलं. मागेपुढे घासलं की चिकटा नुसता जागा बदलतो. पहिल्या फेरीत काळा लगदा येतो, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत खोडरबराच्या असतात तशा वळकट्या सुटू लागतात. तुकडा काळा झाला की फेकायचा, तोच फिरवला तर चिकटा परत बसतो. खाचांत टूथपिकला फडक्याची चिंधी गुंडाळून फिरवली. अंदाजे ३० मिली अल्कोहोल, आठ तुकडे आणि पाऊण तास लागला.

संपलं की नाही हे ओल्या पृष्ठभागावर कळत नाही, ओलं असताना सगळंच चमकतं. वाळू द्यावं आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात धरावं. जिथे डाग मंद दिसतात तिथे थर उरलाय. तेवढ्यावर पुन्हा दोन मिनिटं फडकं.

गॅस, निरांजन, उदबत्ती यांपैकी काहीही पेटलेलं असताना हे करू नये. खिडकी उघडी हवी, हातमोजे असलेले बरे. दुसरी गोष्ट, चिकट थरावर छापलेली अक्षरं थराबरोबर जाणारच, त्यावर इलाज नाही. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या उजळणाऱ्या बटणांना तर हात लावूच नका. तिथे काळा थर कोरून अक्षर केलेलं असतं, थर गेला की अख्खं बटण दिव्यासारखं पेटतं. आणि पारदर्शक अॅक्रिलिकच्या खिडकीला अल्कोहोल लागू देऊ नये, त्यात केसासारख्या भेगा पडू शकतात.

मोबाइलच्या कव्हरला हाच नियम सरसकट लागत नाही. कोपऱ्यात नखाने खरवडून पाहा. खाली कडक प्लास्टिक लागलं तर ते कव्हर रिमोटसारखंच आहे, वरचा थर निघेल. नख आतपर्यंत मऊच लागलं, तर अख्खं कव्हरच मऊ पदार्थाचं आहे. त्यात काढण्यासारखा थर नसतो. एकदा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन बघावं. वरचं तेल असेल तर तेवढ्याने जातं. वाळल्यावरही चिकटलं तर कव्हर बदलावं. पारदर्शक कव्हरचा पिवळेपणा अल्कोहोलने जात नाही, तो आतून आलेला असतो.

बटणांची रबरी पट्टी सिलिकॉनची असते, ती अशी मोडत नाही. तिच्यावर तेलकट थर आला असेल तर भांड्यांच्या साबणाने धुवावी, मागचे काळे ठिपके घासू नयेत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय रिमोट बंद करू नये.

आत्याचा रिमोट मी जमेल तेवढा साफ करून परत दिला. ठसा तसाच आहे. आवाज वाढवायचं बटण कुठलं हे आता अक्षरांवरून कळत नाही, म्हणून मी बटणाशेजारच्या प्लास्टिकवर लाल नेलपॉलिशचा टिपका दिला. बटणावर दिला असता तर सिलिकॉनवरून दोन दिवसांत निघाला असता. तिला बजावलंय की हा टिपका पुसायला जाऊ नकोस. आणि ग्रुपवर तो संदेश तिने स्वतःच खोडलाय.