लिहिलेली पद्धत आणि मुरलेले कौशल्य

“एआय एजंटने कामाची पद्धत फाइलमध्ये जपली, की ती त्याची प्रक्रियात्मक स्मृती झाली.”

हे पटत नाही. प्रक्रियात्मक स्मृती म्हणजे सरावाने अंगी मुरलेले कौशल्य. १९५३ सालच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलाइसन यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. तरीही आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याच्या चाचणीत त्यांच्या चुका दिवसागणिक कमी होत गेल्या, आणि आधी सराव केल्याचे मात्र त्यांना स्मरत नसे. एजंटचे नेमके उलटे आहे: फाइल काढून घेतली की शिकलेली पद्धतही जाते, कारण ती दर वेळी नव्याने वाचली जात होती आणि मॉडेलचे भारांक, म्हणजे प्रशिक्षणातून ठरलेले त्याच्या आतले आकडे, जसेच्या तसेच राहिले होते. नाव काहीही द्या, हे शब्दांत मांडलेले, म्हणजे तथ्ये आणि संकल्पना जपणाऱ्या अर्थविषयक स्मृतीच्या जवळचे ज्ञान आहे. सराव खरोखर मुरवायचा तर मॉडेलला पुन्हा प्रशिक्षण द्यावे लागते, आणि त्यात आधीची कौशल्ये बिघडण्याचा धोका असतो.