समतोल स्थिरांकाचे ‘चार पॉइंट’ आणि अमोनियाचा हिशेब

“समतोल स्थिरांक K म्हणजे अभिक्रियेची ताकद. (१) K खूप मोठा = अभिक्रिया सुसाट, लगेच पूर्ण. (२) उत्प्रेरक घातला की K वाढतो. (३) K खूप लहान = अभिक्रिया होतच नाही. (४) समतोल आला की अभिक्रिया थांबते. एवढे पाठ करा, मार्क पक्के!”

हा संदेश माझ्या भाचीच्या अभ्यासगटात फिरत फिरत आला आणि तिथून माझ्याकडे पोहोचला. सोबत तिचा प्रश्न होता : “मावशी, हे चार पॉइंट लिहिले तर चालतील ना?” चालणार नाहीत. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असता तर मी दुरुस्त करून दिला असता आणि गप्प बसले असते. पण येथे चारपैकी एकही मुद्दा जसाच्या तसा उभा राहत नाही, आणि पहिला तर सर्वांत घातक आहे, कारण एकदा तो डोक्यात बसला की पुढचा सगळा धडा उलटा समजतो.

म्हणून पहिल्या मुद्द्यापाशीच जास्त वेळ थांबते. उदाहरण प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते तेच घेऊ, नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया :

N2 + 3H2 ⇌ 2NH3

K = p(NH3)² / [p(N2) × p(H2)³]

येथे p म्हणजे त्या त्या वायूचा आंशिक दाब, वातावरण या एककात. समतोल साधला गेल्यावर मिश्रणात कोणता वायू किती असेल, त्यांच्यातील हे गुणोत्तर त्या तापमानाला ठरलेले असते. K एवढेच सांगतो. समतोलापर्यंत पोहोचायला एक सेकंद लागेल की एक लाख वर्षे, याचा या सूत्रात कोठेही उल्लेख नाही. काळ दर्शवणारे अक्षरच त्यात नाही, मग वेग त्यातून निघणार कसा?

आता आकडे पाहू. २५ अंश सेल्सियसला या अभिक्रियेचा K सुमारे ६ लाख आहे. एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन एका वातावरणाच्या दाबाला एकत्र ठेवले, तर या K नुसार समतोलाच्या वेळी मिश्रणात जवळजवळ ९४ टक्के अमोनिया असायला हवा. प्रत्यक्षात हे मिश्रण फुग्यात भरून कपाटात ठेवा आणि दहा वर्षांनी उघडा, अमोनियाचा वाससुद्धा येणार नाही. नायट्रोजनच्या रेणूतील तिहेरी बंध तोडायला जी ऊर्जा लागते ती खोलीच्या तापमानाला रेणूंना मिळतच नाही. उतार आहे, पण मध्ये घाट आहे, आणि K ला उताराची उंची कळते, घाटाची नाही.

उलट बाजूने पाहिले तर विनोद आणखी वाढतो. ४०० अंशांना याच अभिक्रियेचा K घसरून ०.०००१६ च्या आसपास येतो. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे, आणि अशा अभिक्रियेचा K तापमान वाढले की कमीच होतो. संदेशाच्या न्यायाने येथे काही घडायलाच नको. पण जगातील अमोनियाचे कारखाने चालतात ते याच टापूत, साधारण ४०० ते ५०० अंशांवर. आपल्या रायगड जिल्ह्यातील थळच्या खत कारखान्यात तयार होणारा अमोनियाही याच मार्गाने येतो. म्हणजे जेथे K ६ लाख आहे तेथे काहीच घडत नाही, आणि जेथे K एका हजारांशाहूनही लहान आहे तेथून युरियाची पोती भरली जातात. एवढे एकच उदाहरण पहिल्या मुद्द्याला पुरेसे आहे.

पण मग एवढ्या लहान K वर अमोनिया मिळतो तरी कसा? हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ४०० अंश, एक वातावरण दाब, पाव भाग नायट्रोजन आणि पाऊण भाग हायड्रोजन. अमोनिया थोडाच होणार, म्हणून बाकीच्यांचे दाब जवळजवळ तेच राहतील असे धरू :

p(NH3)² = 0.00016 × 0.25 × 0.75³ ≈ 0.000017

वर्गमूळ काढले की सुमारे ०.००४, म्हणजे मिश्रणात ०.४ टक्के अमोनिया. धंद्याच्या दृष्टीने शून्यच. आता तापमान तेच ठेवून दाब २०० वातावरणांवर न्या. तापमान बदलले नाही, म्हणून K देखील तोच, ०.०००१६. पण सूत्रात वर दाबाचा दुसरा घात आहे आणि खाली, नायट्रोजनचा एक व हायड्रोजनचे तीन मिळून, चौथा. सगळे दाब वाढले की छेद अंशापेक्षा कितीतरी जास्त फुगतो आणि गुणोत्तर K च्या खाली जाते. ते पुन्हा K इतके व्हायचे तर अमोनिया वाढण्यावाचून गत्यंतर नसते. पूर्ण समीकरण सोडवले तर उत्तर सुमारे ३५ टक्के येते. K एकच, आणि अमोनिया एकदा ०.४ टक्के तर एकदा ३५ टक्के. ज्यांना K म्हणजे ‘किती टक्के पूर्ण’ असे वाटते, त्यांनी ही दोन उत्तरे शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

शिवाय K चा आकडा समीकरण कसे लिहिले यावरही अवलंबून असतो. हेच समीकरण एका अमोनिया रेणूसाठी, म्हणजे अर्धे करून, लिहिले की K चे वर्गमूळ होते आणि ६ लाखांचे सुमारे ७७५ उरतात. संदेशकर्त्याचे खरे मानले, तर वहीत समीकरण अर्धे लिहिल्याबरोबर सिलिंडरमधील वायूंनी वेग कमी करायला हवा.

माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर एनसीईआरटीचे अकरावीचे रसायनशास्त्र उघडा. समतोल स्थिरांकाच्या उपयोगांपाशी तेथे स्पष्ट म्हटले आहे की, समतोल किती वेगाने साधला जातो याची कोणतीही माहिती K देत नाही. त्याच भागात हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होण्याचा ५०० केल्व्हिनचा, म्हणजे सुमारे २२७ अंशांचा, K दिला आहे : २४ लिहून पुढे ४६ शून्ये. एवढा अवाढव्य K असूनही त्या तापमानाला हे मिश्रण ठिणगीवाचून किंवा उत्प्रेरकावाचून आपणहून पेट घेत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. ‘ताकद’ हा शब्द अगदीच निराधार नाही. K मोठा असेल तर उत्पादितांच्या बाजूला ओढ जास्त असते, आणि त्याच पुस्तकातला ठोकताळा असा आहे की K एक हजाराहून मोठा असेल तर समतोल मिश्रणात उत्पादितांचे वर्चस्व असते, एका हजारांशाहून लहान असेल तर अभिक्रियाकारकांचे, आणि मधल्या पट्ट्यात दोघेही लक्षणीय प्रमाणात असतात. ठोकताळा म्हणून हे चांगले आहे. पण ओढ म्हणजे वेग नव्हे, आणि वर्चस्व म्हणजे एकाधिकार नव्हे. दाबाने पारडे किती फिरते ते वर पाहिलेच.

दुसरा मुद्दा उत्प्रेरकाचा. फ्रिट्झ हाबरने १९०९ साली प्रयोगशाळेत ऑस्मियम वापरून अमोनिया काढून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला तो लोखंडावर आधारलेल्या उत्प्रेरकावर. या दोन्ही धातूंनी घाट कमी केला, आणि तो दोन्ही बाजूंनी सारखाच कमी झाला : अमोनिया होण्याचा वेग जेवढ्या पटीने वाढला तेवढ्याच पटीने अमोनिया फुटण्याचाही वाढला. म्हणून समतोल लवकर येतो, पण येतो तेथेच येतो. उत्प्रेरकाने K खरोखरच वाढत असता तर काय झाले असते याची कल्पना करा. सरकत्या दट्ट्याच्या तापलेल्या नळकांड्यात हे वायू भरायचे, उत्प्रेरक आत सरकवायचा, चार रेणूंचे दोन होऊन आकारमान घटणार आणि दट्ट्या आत येणार. उत्प्रेरक बाहेर काढायचा, अमोनिया पुन्हा फुटणार आणि दट्ट्या बाहेर जाणार. इंधनावाचून कायमचे चालणारे यंत्र तयार! पाठ करण्याआधी एवढा विचार करायला काय हरकत होती?

कारखान्यात उच्च तापमान का लागते, याचे उत्तरही येथेच मिळते. थंडीत K मोठा, पण लोखंडालाही काम उरकत नाही. उष्णतेत काम झपाट्याने होते, पण K हातचा जातो. ४०० ते ५०० अंश ही या दोहोंमधली तडजोड आहे. हरवलेला K दाबाने भरून काढतात, शिवाय तयार झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा भट्टीत सोडतात, म्हणजे समतोल पुरता साधला जाण्याआधीच उत्पादित बाजूला केले जाते.

हे ‘काढून घेणे’ तिसऱ्या मुद्द्याच्याही मुळावर येते. भाचीने मागच्याच आठवड्यात प्रयोगशाळेत ॲसेटिक आम्लाचे टायट्रेशन केले होते, म्हणून तिला तेच विचारले. या आम्लाचा विघटन स्थिरांक ०.००००१८ आहे आणि ०.१ मोलर द्रावणात जेमतेम १.३ टक्के रेणू विघटित असतात. बाकीच्यांचे विघटन ‘होतच नसेल’, तर १० मिलिलिटर आम्लात त्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड टाकताना ब्युरेटमधून दोन-तीन थेंब पडताच फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी व्हायला हवे होते. तुझे रीडिंग काय आले होते? “दहाच्या आसपास.” अर्थातच. हायड्रॉक्साइड आयन हायड्रोजन आयन गिळत जातो, त्याची जागा भरायला पुढचा रेणू विघटित होतो, आणि हे शेवटच्या रेणूपर्यंत चालते. दोन्ही पायऱ्या मिळून होणाऱ्या अभिक्रियेचा K, म्हणजे ०.००००१८ भागिले पाण्याचा आयनिक गुणाकार, सुमारे १८० कोटी भरतो. लहान K चा अर्थ एवढाच की झाकण लावून एकटे सोडले तर उत्पादित थोडेच असेल.

चौथ्या मुद्द्याला दोन वाक्ये पुरतात. साध्या हायड्रोजनचे समतोल साधलेले अमोनिया-मिश्रण आणि जड हायड्रोजनचे, म्हणजे ड्युटेरियमचे, तसेच मिश्रण एकत्र केले, तर अमोनियाचे एकूण प्रमाण तेच राहते, पण काही वेळाने त्यात एकाच रेणूत साधा आणि जड हायड्रोजन मिसळलेला अमोनिया सापडतो. अभिक्रिया थांबली असती तर ही अदलाबदल कोणी केली, हा प्रश्न भाचीने गटात टाकला आहे. अजून कोणी उत्तर दिलेले नाही.