काळा प्लग म्हणजे बोअरचं काम नाही

"स्पार्क प्लग काळा निघाला म्हणजे इंजिन ऑइल खातंय, बोअर-पिस्टनचं काम काढावंच लागणार."

असं काही नसतं. आधी काळ्यावर बोट फिरवून बघा. कोरडी, मऊ काजळी बोटाला लागली तर मिक्श्चर रिच आहे, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे चोक अडकलाय, एअर फिल्टर चोंदलाय नाहीतर कार्बोरेटरची सेटिंग बिघडलीये. ओलं, चकचकीत, चिकट असेल आणि पेट्रोलचा वास नसेल तरच ऑइल, आणि तेही कधीकधी नुसतं व्हॉल्व्ह सीलमधून येतं. आणि हो, गाडी आयडलवर ठेवून प्लग बघू नका, तेव्हा बरा प्लगही काळा दिसतो, दहा-पंधरा किलोमीटर एकसारखी चालवून बंद करा, थंड झाल्यावर काढा. मिक्श्चर ठीक असून कोरडी काजळी येतच राहिली तर प्लग जास्त थंड रेंजचा, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा असू शकतो, एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा तेवढा प्लग थंड, बॉशमध्ये बरोब्बर उलटं.