ग्लास धुतलेलाच होता

पाहुण्यांनी पाण्याचा ग्लास हाती घ्यावा, तो दिव्यासमोर धरावा, खिशातून रुमाल काढावा आणि घरातल्या बाईच्या देखत तो आतून-बाहेरून पुसू लागावे, हे कोणत्या शिष्टाचारात बसते, ते मला अजून उमगलेले नाही. हे गृहस्थ माझ्या यजमानांचे स्नेही. रुमालाने ग्लासावरचे धुके तसूभरही हटले नाही, तेव्हा त्यांनी निदान केले.

"वहिनी, डिशवॉशर आहे ना तुमच्याकडे? साबण कमी पडतोय. दुप्पट टाका आणि पाणी चांगलं 70 अंशांवर ठेवा."

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण त्यांनी तो ग्लास बाजूला सरकवून पाणी आपल्या बाटलीतून प्यायले. मग मात्र मी व्हिनेगरची बाटली बाहेर काढली.

काचेवर दिसणारे धुके बहुधा दोन जातींचे असते. एक म्हणजे जड पाण्यातले क्षार सुकून काचेवर बसलेला थर. तो बोटाला किंचित खरखरीत लागतो, नखाने थोडाफार खरवडता येतो आणि आम्लात विरघळतो. दुसऱ्या जातीत काचेवर काहीच बसलेले नसते. काचच झिजलेली असते. गरम, अल्कधर्मी पाणी प्रत्येक धुण्याला काचेतले सोडियम थोडे थोडे ओढून घेते आणि सिलिकेची वीण उसवते. अशा काचेवर आधी इंद्रधनुषी झाक येते, मग वळ्यांसारखे पट्टे उमटतात आणि शेवटी कायमचे धुके. जे बसलेलेच नाही, ते कोणता रुमाल पुसणार?

मी एका भांड्यात पांढरे व्हिनेगर घेऊन त्यात ग्लास अर्धाच बुडेल असा आडवा ठेवला, म्हणजे उरलेला अर्धा भाग तुलनेला राहतो. दहाएक मिनिटांनी ग्लास काढून पाण्याखाली धरला, तेव्हा तो लख्ख पारदर्शक दिसत होता.

"निघालं की हो! म्हणजे मळच होता. मी म्हटलं नव्हतं?" गृहस्थ खुर्चीतून उठलेच.

"वाळू द्या," मी म्हटले.

"आता वाळायचं काय राहिलंय? समोर दिसतंय."

झिजलेल्या काचेचे सूक्ष्म खड्डे पाण्याने भरले की प्रकाश विखुरत नाही आणि ओला ग्लास नव्यासारखा भासतो. या परीक्षेत पुष्कळ लोक इथेच फसतात. मी ग्लास कोरडा केला आणि काही वेळ तसाच ठेवला. धुके परतले, बुडालेल्या आणि न बुडालेल्या भागांत रेघेचाही फरक नव्हता. गृहस्थांनी तो चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "व्हिनेगर पातळ असेल."

तेव्हा मी काचेची फुलदाणी आणली, जिच्यात पाणी साचून पांढरी कडा धरली होती. त्याच व्हिनेगरचे चार थेंब पडताच कडेवर बारीक बुडबुडे आले आणि थोड्या वेळाने ती बोटाने पुसली गेली. "फुलदाणी वेगळी, ग्लास वेगळा," असा निर्णय देऊन त्यांनी विषय संपवला. अशा माणसांना पुरावा दाखवणे म्हणजे आपल्याच हाताला व्यायाम. (एक गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली नाही: काचेवर कधी सिलिकेटचाही थर बसतो आणि तो व्हिनेगरलाही दाद देत नाही. ती त्यांच्या हाती लागली असती, तर रात्र सरली नसती.)

चीड येते ती याची, की त्यांचा सल्ला ज्या ग्लासासाठी होता त्याच ग्लासाच्या मुळावर उठणारा होता. धुके क्षारांचे असेल, तर पाणी मृदू करणारे यंत्रातले मीठ भरावे, भांड्यांवर थेंब सुकू न देणारे रिन्स एड वाढवावे आणि साबण पुरेसा आहे का तेही पाहावे. काच झिजत असेल, तर नेमके उलट करावे लागते. कारण मृदू पाण्यात साबणाला क्षारांशी झुंजावे लागत नाही आणि उरलेला जोर काचेवर निघतो. म्हणून साबण कमी, पाणी 40 ते 50 अंशांचे, आणि यंत्रातला पाण्याच्या जडपणाचा आकडा आपल्या पाण्यापुरताच ठेवावा. "जास्त असलेला बरा" म्हणून टोकाला नेऊ नये. भांडी आधी घासून चकचकीत करूनही आत ठेवू नयेत, कारण साबणाला खरकटे मिळाले नाही की त्याचे सगळे लक्ष काचेकडे वळते. धुणे संपताच दार किलकिले करून वाफ बाहेर सोडावी. यातल्या कशानेही गेलेली काच परत येत नाही. झीज फक्त मंदावते. आवडीचे ग्लास हातानेच धुतलेले बरे.

साबण कमी करा, हे सांगणे सोपे आहे. पण घरात टॅब्लेट आणून ठेवल्या असतील तर कमी करणार कसा? ती गच्च भरलेल्या यंत्रालाही एक आणि चार ग्लासांनाही एकच. सुटी पावडर चमच्याने मोजता येते. पण ती आणायला सांगितली की आमचे यजमान न चुकता टॅब्लेटचाच मोठा डबा घेऊन येतात, आणि तो, म्हणे, त्याच स्नेह्यांनी सुचवलेला असतो.