वर्ष पाळायचं, पण कोणी?

‘यंदा त्यांच्याकडे काही नाही ना, मग कशाला जायचं?’ दिवाळीच्या तोंडावर हे वाक्य इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही, म्हणून लिहितेय.

श्रावणात माझे सासरे गेले. दहा दिवसांचं सुतक, मग बारावा, तेरावा झाला आणि पुढच्याच महिन्यात गणपती आले. ‘वर्ष आहे, गणपती बसवायचा नाही’ असं निम्म्या नातेवाइकांचं म्हणणं. गुरुजींनी मात्र शांतपणे सांगितलं, सुतक फिटलं की देवपूजा आणि कुळाचार सुरू. वर्षभर टाळायचा तो उत्सव, पूजा नव्हे. चतुर्थी सुतकातच आली असती, तर गोष्ट वेगळी होती. मग मूर्ती आणायचीच नाही, आणि त्यात देवाचा काही कोप वगैरे नसतो.

तेव्हा आम्ही दहा दिवसांचा गणपती दीड दिवसावर आणला. मखर नाही, आरतीची बोलावणी नाहीत. महालक्ष्म्याही बसल्या. पुरणाचा नैवेद्य झाला, पण सवाष्ण-ब्राह्मण सांगितले नाहीत, घरचीच माणसं जेवली. आणि एक गोष्ट मी हट्टानं केली: मुखवटे चढवायला सासूबाईंनाच बसवलं. इतकी वर्षं ज्या बाईनं हे सगळं उभं केलं, तिला यंदा बाजूला बसून बघायला लावायचं? हे कुठल्या पोथीतलं, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. (आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. चालतं.)

दिवाळीचं गणित निराळं. आकाशकंदील नाही, दारात रांगोळी नाही, नवे कपडे नाहीत, फटाके नाहीत. तळणासाठी कढई ठेवायची नाही, म्हणजे चकली, शंकरपाळे, करंज्या काही नाही. पण धनत्रयोदशीला यमदीप लावला, आणि लक्ष्मीपूजनाला देवापुढं समई, लाह्या-बत्तासे एवढं केलंच. आता प्रश्न असा की ज्या घरात तळण नाही, त्या घरातल्या पोरांनी काय खायचं? जुन्या माणसांनी त्याची सोय केलेली होती. अशा घरी फराळ शेजारच्यांनी द्यायचा, लेकीच्या सासरहून, मावशी-मामांकडून डबे यायचे. माझ्या लहानपणी रामबागेत आजीच्या पहिल्या दिवाळीला इतके डबे आले होते की बेसनाचे लाडू कुणाचे आणि रव्याचे कुणाचे, यावर भांडणं झाली. डबे रिकामे परत करायचे, हेही ठरलेलं. एरवी मोकळा डबा परत करणं म्हणजे केवढा अपमान!

म्हणजे नियमाला दोन बाजू होत्या. घरानं करायचं नाही, आणि बाकीच्यांनी त्यांच्यासाठी करायचं. पहिली बाजू आम्ही अजून काटेकोर पाळतो. दुसरी गळून गेली. यंदा आमच्याकडे डबे आले ते दोन: एक समोरच्या सिंधी काकूंचा, एक माझ्या माहेरचा. बाकीच्यांनी व्हॉट्सॲपवर ‘तुमचं वर्ष आहे म्हणून शुभेच्छा देत नाही’ असं कळवलं. हेतू चांगला होता, मला माहीत आहे. पण सासूबाई लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दाराकडं बघत होत्या, तेही मी पाहिलं.

याबाबतीत माळव्यातली रीत मला आपल्यापेक्षा शहाणी वाटते. इथं धुळवडीला आधी गमीच्या घरी जातात. जी घरं वर्षभरात माणूस गमावून बसली, त्यांच्याकडं सकाळपासून लोक येतात. गुलालाचं बोट कपाळाला लावायचं, सतरंजीवर पाच-दहा मिनिटं बसायचं, गेलेल्या माणसाचा विषय काढायचा आणि उठायचं. खाणंपिणं नाही, गाणीबजावणी नाही. एकदा रंग पडला की त्या घराला रंगाची मोकळीक. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते, तोवर या घरची पोरंही निर्धास्त गर्दीत घुसतात. आमच्याकडं गल्लीतले सगळे आले. चौधरीजींनी सासूबाईंच्या पायांवर गुलाल ठेवला आणि सासऱ्यांच्या शतरंजच्या गोष्टी सांगत बसले. सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. आलेल्यांत मराठी घरं मोजकीच होती. बाकीच्यांना वाटलं असेल, वर्ष आहे, रंग कसा घेऊन जायचा.

लग्नाचं तर बोलूच नका. ‘वर्षाच्या आत उरका नाहीतर तीन वर्षं थांबा’ हे ऐकून माझ्या दिराच्या सासरचे घाबरलेत. ते प्रकरण अजून चालू आहे, त्यावर नंतर कधीतरी.

तुमच्या ओळखीत यंदा असं एखादं घर असेल तर दिवाळीला डबा घेऊन जा. आधी फोन करून ‘चालेल ना?’ विचारू नका, ते नाहीच म्हणतील. चकली नेलीत तर थोडी जास्त न्या. आणि डबा रिकामा परत आला तर मनावर घेऊ नका.