ओव्हर अर्ध्या झाल्या म्हणून रन्स पण अर्ध्या? कोणतं गणित आहे हे?

नागपुरात टूर्नामेंट भरवणाऱ्या भावांनो, एकदाचं सांगून टाका. एन्ट्री फी घेता, लेदर बॉल देता, पांढऱ्या कपड्यातले दोन अंपायर उभे करता, आणि पाऊस आला की मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढून भागिले दोन करता? डोकं फिरलंय माझं.

परवाची मॅच. आम्ही पहिली बॅटिंग करून २० ओव्हरमध्ये १६० केल्या. इनिंग संपली आणि अवकाळी कोसळला. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये हे नवीन नाही, आयोजकांना तर मुळीच नवीन नसावं. पाऊस थांबला, मैदानावरचं पाणी काढलं, दुसऱ्या इनिंगला १० ओव्हर मिळाल्या. आणि कमिटीवाल्याने माइकवर जाहीर केलं, टार्गेट ८१. का? तर १६० भागिले दोन ८०, वर एक. झालं!

अरे पण विकेट? विकेट अर्ध्या केल्या का तुम्ही? समोरच्या टीमला दहाच्या दहा विकेट दिल्या ना! आम्ही बॅटिंगला आलो तेव्हा आम्हाला २० ओव्हर पुरवायच्या होत्या. आमचे ओपनर सुरुवातीला सांभाळून खेळले, मधल्या ओव्हरमध्ये सिंगल-डबल काढत राहिले, कारण विकेट हातात ठेवून शेवटी मारायचं असतं. यांना पहिल्या बॉलपासून डोळे मिटून फिरवायची मुभा. महिन्याचा पगार हातात ठेवायचा आणि महिना पंधराच दिवसांचा करायचा, मग कोण जपून खर्च करेल?

हा हिशेब करायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. डकवर्थ-लुईसचा एका पानाचा तक्ता आहे. उरलेल्या ओव्हर एका बाजूला, गेलेल्या विकेट दुसऱ्या बाजूला, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे टक्का. ५० ओव्हर आणि दहा विकेट म्हणजे १०० टक्के रिसोर्स, म्हणजे रन्स काढायची पूर्ण ताकद. २० ओव्हर उरल्यात आणि एकही विकेट गेली नाही, तर ५६.६. दहा ओव्हर उरल्यात आणि एकही गेली नाही, तर ३२.१. आमच्याकडे ५६.६ होते, त्यांना ३२.१ मिळाले. ३२.१ भागिले ५६.६ करा. ०.५६७ येतं, म्हणजे जवळपास ५७ टक्के. ओव्हर निम्म्या झाल्या तरी ताकद निम्मी होत नाही, हे त्या पानावर छापलेलं आहे. १६० गुणिले ते करा, ९०.७. टार्गेट ९१!

दहा रन्स खाल्ल्या आमच्या. दहा ओव्हरच्या मॅचमध्ये दहा रन्स!

ते जिंकले शेवटच्या ओव्हरच्या तिसऱ्या बॉलवर, सात विकेट गमावून. सात! ९१ पाहिजे असत्या तर तीन बॉल, दहा रन्स आणि तीन विकेट अशी मॅच रंगली असती. केल्याही असत्या कदाचित, मी म्हणत नाही की आम्हीच जिंकलो असतो. पण मग हरलो असतो तर हात मिळवून घरी गेलो असतो.

वरून यांनी पॉवरप्ले सहा ओव्हरचाच ठेवला. दहा ओव्हरच्या इनिंगमध्ये तो तीन ओव्हरचा होतो. साठ टक्के इनिंग सर्कलबाहेर दोनच फिल्डर, आणि बॉल ओला. आमच्या ऑफस्पिनरच्या हातात तो साबणासारखा सटकत होता. ओल्या बॉलचा हिशेब डकवर्थ-लुईसमध्येही नाही, हे मला माहीत आहे. तो फक्त ओव्हर, विकेट आणि रन्स पाहतो. पिच, दव, ओलं आउटफिल्ड त्याच्या हिशेबात नाही. पण जे त्यात आहे तेवढं तरी द्या ना बाप्पा!

मी जाऊन भांडलो, तर उत्तर काय मिळावं? "अरे, जामठ्याला इंडिया-ऑस्ट्रेलिया आठ-आठ ओव्हरची झाली होती, तेव्हा कुठे लावलं होतं डकवर्थ-लुईस?" आणि मागे उभी पोरं हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हो, २३ सप्टेंबर २०२२, आउटफिल्ड ओलं म्हणून उशिरा सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने ८ ओव्हरमध्ये ९० केल्या, रोहितने २० बॉलमध्ये नाबाद ४६ मारल्या, कार्तिकने संपवली. पण ती मॅच टॉसच्या आधीच आठ ओव्हरची ठरली होती! दोघांनाही आठ ओव्हर, दोघांनाही दहा विकेट, आणि दोघांनाही पहिल्या बॉलपासून माहीत. तिथे बदलायला काही नव्हतंच. टार्गेट बदलावं लागतं ते एका टीमची इनिंग झाल्यावर किंवा मध्येच ओव्हर कापल्या जातात तेव्हा. आमचं नेमकं तेच झालं होतं.

दुसरा म्हणतो, "सरासरी सगळ्यांना कळते भाऊ." कळते म्हणून बरोबर होते का? समजा त्याच १६० चा पाठलाग चाललाय, पूर्ण २० ओव्हरचा, आणि दहा ओव्हरनंतर पाऊस येऊन मॅच तिथेच संपली. स्कोअर ८०. तुमची सरासरी म्हणते बरोबरी. किती विकेट गेल्या, ते विचारतच नाही! दोन गेल्या असतील तर दहा ओव्हरचे ३०.८ टक्के अजून शिल्लक आहेत, म्हणजे ५६.६ पैकी २५.८ वापरले, आणि तिथे बरोबरीचा आकडा येतो ७२. ते आठ रन्सने जिंकले. पाच गेल्या असतील तर शिल्लक २६.१, वापरले ३०.५, बरोबरीचा आकडा ८६. सहा रन्सने हरले. स्कोअर तोच ८०, आणि ८० ला २ मध्ये नि ८० ला ५ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे गल्लीत खेळणाऱ्या पोरालाही कळतं. यांच्या कॅल्क्युलेटरला कळत नाही.

इंटरनॅशनल मॅचमध्ये कॉम्प्युटरवरची आवृत्ती वापरतात, तिचे आकडे मोठ्या स्कोअरला थोडे वेगळे येतात, मान्य. ते सॉफ्टवेअर तुमच्याकडे नाही, हेही मान्य. पण तक्त्याची आवृत्ती तर कागदावर चालते. १ जानेवारी १९९७ ला हरारेत झिंबाब्वे-इंग्लंड वनडेत ही पद्धत पहिल्यांदा वापरली. इतक्या वर्षांत एक पान झेरॉक्स करायला जमलं नाही? टूर्नामेंटच्या बॅनरवर बारा जणांचे फोटो छापायला मात्र पैसे असतात.

आणि माझ्याशी "नियम आमचे आहेत" म्हणू नका. तुमच्या नियमांच्या कागदावर पावसाचा एक शब्द नव्हता. मी तो पुन्हा काढून पाहिला. बूट कोणते घालायचे ते आहे, उशिरा आलात तर दंड किती ते आहे, पावसाने ओव्हर कापल्या तर काय, ते नाही. दुसऱ्या टीमला निदान पाच ओव्हर मिळाल्याशिवाय निकाल धरायचा नाही, तेही नाही. सगळं पाऊस पडल्यावर मांडवाखाली ठरतं, आणि ज्यांची टीम ओळखीची त्यांच्यासमोर ठरतं.

पुढच्या वेळी एन्ट्री मागायला याल तेव्हा टॉसच्या आधी तो तक्ता स्कोररच्या टेबलावर चिकटवलेला पाहिजे, दोन्ही कॅप्टनच्या सह्यांसकट. नसेल तर आमच्या टीमचं नाव लिहू नका.