एका एक्सचे दोन क्रोमोसोम होत नाहीत: मायटॉसिस-मायोसिसच्या त्या फॉरवर्डबद्दल

"वर्कशीटची सोपी ट्रिक!! एका एक्समध्ये दोन क्रोमोसोम असतात, म्हणून एस फेजनंतर 2n चे 4n होतात आणि मायटॉसिस त्यांना परत 2n करतं. मायोसिस वनमध्ये आकडा बदलत नाही, मायोसिस टूमध्ये अर्धा होतो. मधोमध रांग दिसली की सरळ मेटाफेज लिहा, पुढे काही लिहायची गरज नाही. सगळ्या ग्रुपवर टाका!!"

हा मेसेज पेडण्यापासून काणकोणपर्यंत अकरावीच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय, आणि मी इथे फोंड्याला बायो शिकवते म्हणून पेपरात त्याचा परिणाम रोज बघते. मुलं स्टेज बरोबर ओळखतात आणि खालच्या चौकटीत आकडा चुकीचा लिहितात, मार्क तिथे जातात. म्हणून एकेक वाक्य घेऊनच बोलते.

सुरुवात त्या एक्सपासून, म्हणजे चित्रात एक्स आकाराच्या दिसणाऱ्या क्रोमोसोमपासून करू, कारण बाकीची अर्धी गडबड तिथूनच निघते. क्रोमोसोम मोजताना आपण सेंट्रोमिअर मोजतो, हात मोजत नाही. एस फेजमध्ये डीएनएची कॉपी होते, आता एकसारखे दोन धागे तयार झाले, पण ते कोहेसिन नावाच्या प्रोटीनने एकमेकांना घट्ट बांधलेले असतात आणि सेंट्रोमिअरच्या जागी तर अगदी चिकटून. हे दोन धागे म्हणजे सिस्टर क्रोमॅटिड. जोवर ते बांधलेले आहेत तोवर तो एक क्रोमोसोम, दोन क्रोमॅटिडवाला. बांधणी सुटली, दोघं वेगळे झाले की त्या क्षणापासून दोन क्रोमोसोम. एवढाच नियम आहे, आणि चित्र कुठलंही येऊ दे तो बदलत नाही.

कोणी म्हणेल हा नुसता मोजायच्या पद्धतीचा प्रश्न आहे, तसं मोजलं काय आणि असं मोजलं काय. मग माणसाचे 46 क्रोमोसोम हा आकडा कसा आला ते बघा. 1956 साली त्यो आणि लेवान या दोघांनी तो छापला, त्याआधी बरीच वर्षं सगळे 48 धरून चालले होते. त्यांनी पेशी अडवल्या त्या मेटाफेजला, म्हणजे जिथे प्रत्येक क्रोमोसोम दोन क्रोमॅटिडचा असतो, आणि तशा एका जोडाला एक धरून मोजले तेव्हा 46 भरले. आजही हॉस्पिटलातला कॅरियोटाइपचा फोटो मेटाफेजचाच असतो. फॉरवर्डच्या हिशोबाने त्याच फोटोत 92 मोजावे लागतील, आणि तसा रिपोर्ट कुठलीच लॅब देत नाही.

मग एस फेजमध्ये दुप्पट होतं ते काय? डीएनए. 2C चं 4C होतं, क्रोमोसोमचा आकडा 2n तो 2n च राहतो. तुमच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात हे सरळ लिहिलंय, आणि त्याच धड्यात कांद्याच्या मुळाचा प्रश्न आहे, 16 क्रोमोसोम असलेल्या पेशीत जी-वनला किती, एस नंतर किती, एम फेजनंतर किती. तिन्हीचं उत्तर 16. ट्रिकवाला मधल्या जागी 32 लिहिणार.

पण 4n हा आकडा अगदी खोटा आहे असंही नाही, तो फक्त चुकीच्या जागी बसवलाय. नेहमीचं वर्कशीट घेऊ, पेशी 2n = 4 वाली, दोन लांब क्रोमोसोम आणि दोन आखूड, एक जोडीदार काळा भरलेला आणि एक पांढरा. प्रोफेजचं चित्र, गोळा झालेले एक्स, चार सेंट्रोमिअर, लिहा क्रोमोसोम 4, क्रोमॅटिड 8. मेटाफेज, चारही एका रांगेत मधोमध, परत 4 आणि 8. आता अॅनाफेज. सेपरेज नावाचं एन्झाइम कोहेसिन कापतं, सिस्टर सुटतात, चित्रात एक्स दिसेनासे होतात आणि टोकाकडे निघालेले व्ही दिसतात, व्हीचं टोक पुढे आणि हात मागे लोंबत, कारण स्पिंडलचा धागा सेंट्रोमिअरला धरून ओढतोय. आता सेंट्रोमिअर मोजा, चार इकडे चार तिकडे, आख्ख्या पेशीत 8. हाच तो 4n, आणि तो अॅनाफेजपासून पेशी दोन होईपर्यंत तेवढाच असतो. टेलोफेजला मात्र प्रश्न नीट वाचा, "प्रत्येक न्यूक्लियसमध्ये" विचारलं असेल तर 4, "पेशीत" विचारलं आणि पेशी अजून पूर्ण तुटलेली नसेल तर 8. बरेच वर्कशीट हे स्पष्ट लिहीत नाहीत, तो दोष वर्कशीटचा आहे, अशा वेळी मुलांनी उत्तरातच "दर न्यूक्लियस 4" असं लिहून टाकावं.

आता मायोसिस. फॉरवर्डमधलं सगळ्यात नुकसान करणारं वाक्य हेच आहे, कारण ते बरोबर उलटं आहे. मायोसिस वनलाच रिडक्शन डिव्हिजन म्हणतात, आणि का म्हणतात ते त्याच 2n = 4 पेशीत बघू.

प्रोफेज वनमध्ये होमोलोगस जोडीदार शेजारी येऊन चिकटतात, लांब काळा लांब पांढऱ्याला, आखूड आखुडाला, क्रॉसिंग ओव्हर होतं आणि चित्रात एकमेकांत अडकलेले दिसतात, म्हणून क्रोमॅटिडच्या टोकाला रंगाची अदलाबदल दिसली की समजा इथून पुढे मायोसिसच चाललंय. जोड्या 2, क्रोमोसोम 4, क्रोमॅटिड 8. मेटाफेज वनमध्ये या जोड्या मधोमध येतात, समोरासमोर, म्हणजे एकाच्या ऐवजी जोडजोडीने दोन रांगा. आकडा अजून 4. अॅनाफेज वनमध्ये जोडीदार एकमेकांपासून वेगळे होतात, पण सिस्टर नाही होत, त्या अजून सेंट्रोमिअरला जोडलेल्याच राहतात. हातांवरचं कोहेसिन कापलं जातं, त्यामुळे क्रॉसिंग ओव्हरने अडकलेले जोडीदार सुटतात, पण सेंट्रोमिअरजवळच्या कोहेसिनला शुगोशिन नावाचं प्रोटीन सांभाळून ठेवतं, सेपरेजला तिथे हात लावू देत नाही. म्हणून टोकाकडे जाताना प्रत्येक क्रोमोसोम अजून दुहेरीच दिसतो. पेशीत सेंट्रोमिअर एकूण 4, दोन इकडे दोन तिकडे. टेलोफेज वनला दर न्यूक्लियसमध्ये 2.

4 चे 2 झाले, 2n चं n झालं, आणि मायोसिस टू अजून सुरूसुद्धा झालेलं नाही. पण डीएनए दर न्यूक्लियसमध्ये अजून 2C आहे, कारण प्रत्येक क्रोमोसोमला दोन क्रोमॅटिड आहेत, आणि मला वाटतं गोंधळ इथेच होतो, लोक क्रोमॅटिड मोजतात, चार दिसतात, आणि म्हणतात काही कमी झालंच नाही. मायोसिस टूचं काम त्या सिस्टर वेगळ्या करायचं आहे. मेटाफेज टूला दर पेशीत 2, अॅनाफेज टूला सिस्टर सुटल्यामुळे थोडा वेळ त्या पेशीत 4, मग टेलोफेज टूला दर न्यूक्लियसमध्ये 2, आणि डीएनए आता 1C. सुरुवात n ने झाली आणि शेवटही n वरच.

याचा पुरावा पाहिजे तर बारावीच्या रिप्रॉडक्शनच्या धड्यात आहे. ओव्हरीतून बाहेर पडणारी सेकंडरी ऊसाइट मेटाफेज टूला थांबलेली असते, स्पर्म आत शिरल्यावरच तिचं मायोसिस टू पुरं होतं. त्या थांबलेल्या पेशीत क्रोमोसोम किती? 23. मायोसिस टू पूर्ण व्हायच्या आधीच ती हॅप्लॉइड आहे. अर्धा करायचं काम टूचं असतं तर तिथे 46 असायला हवे होते.

राहिली मधोमधची रांग. "मेटाफेज" एवढंच लिहिलं तर मायोसिसच्या वर्कशीटवर अर्धे मार्क पण मिळत नाहीत, कारण कुठला मेटाफेज हाच तर प्रश्न असतो. चित्रात जोड्या समोरासमोर असतील तर वन, सुटे क्रोमोसोम एका रांगेत असतील तर मायटॉसिस किंवा टू. या शेवटच्या दोघांत फरक करताना मुलं फसतात. समजा एका चित्रात दोनच एक्स रांगेत आहेत. ही 2n = 2 वाल्या प्राण्याची मायटॉसिस असेल, की 2n = 4 वाल्याची मेटाफेज टू? लांबी बघा. दोन्ही एकसारखे लांब, सेंट्रोमिअर पण एकाच जागी, म्हणजे ते जोडीदार आहेत, दोघं एका पेशीत आहेत, मग ती डिप्लॉइड, मायटॉसिस. एक लांब आणि एक आखूड, म्हणजे कुणाचाच जोडीदार जवळ नाही, मग ती हॅप्लॉइड, आणि वर्कशीट मायोसिसचं असेल तर मेटाफेज टू. रंगावर विसंबू नका, मूळ चित्र कधी कधी लाल-निळं असतं आणि मुलांच्या हातात येते ती काळी झेरॉक्स, तिथे लाल आणि निळा दोन्ही सारखेच करडे दिसतात. लांबी आणि सेंट्रोमिअरची जागा मात्र झेरॉक्समध्येही टिकते.

आणि सगळे क्रोमोसोम एक्स दिसतीलच असंही नाही. उंदराचे 40 च्या 40 क्रोमोसोम असे आहेत की सेंट्रोमिअर जवळजवळ टोकाला, मेटाफेजला ते एक्ससारखे दिसतच नाहीत. एक्स शोधत बसणारा मुलगा तिथे काय मोजणार?

आता हाच नियम आपल्या भाताला लावून बघा, खाजनातला कोरगुट असो की दुकानातलं दुसरं कुठलं बियाणं, 2n = 24. मुळाच्या टोकाला मायटॉसिस, मेटाफेजला 24, अॅनाफेजला आख्ख्या पेशीत 48. पोटरीतल्या कोवळ्या अँथरमध्ये मायोसिस, मेटाफेज वनला जोड्या 12 आणि क्रोमोसोम 24, अॅनाफेज वनला 12 आणि 12, मेटाफेज टूला दर पेशीत 12, अॅनाफेज टूला दर पेशीत परत 24, शेवटी दर न्यूक्लियसमध्ये 12. अॅनाफेज वन आणि अॅनाफेज टू दोन्हीकडे पेशीत 24 आले, तेव्हा नुसत्या आकड्यावरून स्टेज लिहू नका, टोकाकडे जाणारे क्रोमोसोम दुहेरी असतील तर वन, एकेरी असतील तर टू.